चिकट पंख्याची धूळ घरभर न उडवता साफसफाई

प्रश्न: आमचं किचन आणि हॉल एकच आहे. पंख्याच्या पात्यांवर तेलकट काळा थर बसलाय. झाडूने काढायला गेलं की सोफा, गॅस, भांडी सगळ्यावर घाण पडते आणि पाती तशीच चिकट राहतात. घरभर घाण न होता पंखा कसा साफ करायचा?

उत्तर:

आधी झाडू बाजूला ठेवा. माझं कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक पंखा घेऊन आलं की पात्यांकडे बघून तो किचनमधला की बेडरूममधला हे लगेच कळतं. बेडरूमच्या पंख्यावर करडी, मऊ, कापसासारखी धूळ असते. किचनच्या पंख्यावर तेलाचा काळपट थर असतो आणि धूळ त्यात रुतून बसलेली असते. दोन्हीची साफसफाई वेगळी. तुम्ही दुसऱ्या प्रकाराला पहिल्या प्रकाराचा उपाय करताय, म्हणून वरची सुटी धूळ तेवढी उडते आणि खालचा थर जागेवर राहतो.

तुमचा पंखा कुठल्या प्रकारचा आहे हे बघायला बोट पुरतं. पंखा बंद करून पात्याच्या वरच्या बाजूला बोट ओढा. धुळीची वळी होऊन पडली तर ती कोरडी. बोटाला काळं डांबरासारखं लागलं आणि पात्यावर बोटाचा माग उठला तर तेलकट. तांबड्या रश्श्याची फोडणी, मटणाचा मसाला परतणं, उन्हाळ्यात चटणीसाठी मिरची-मसाला भाजणं, या सगळ्यातली तेलाची वाफ गरम हवेबरोबर वर जाते आणि छताजवळ पात्यावर बसते. तिच्यावर धूळ चिकटते, महिन्या-दोन महिन्यांत ते तेल हवेने घट्ट होतं आणि मग साध्या पाण्याला दाद देत नाही. पातं फिरताना हवेला जी कड आधी भिडते तिच्यावर थर सगळ्यात जाड असतो. काळी रेघ दिसते ती तिथेच, म्हणून हात तिथे जास्त चालवा.

आता मूळ मुद्दा. ओली झालेली धूळ उडत नाही. त्यामुळे तेलकट पंख्यावर कोरडं खरवडणं टाळायचं आणि थर पात्यावरच ओला करून, मऊ करून, कापडात गुंडाळून खाली आणायचा. कसं ते एका घरच्या पंख्यावर सांगतो. राजारामपुरीत एक काकू घरगुती खानावळ चालवतात. पंखा जेवणाच्या टेबलावर, गॅस दहा फुटांवर, आणि खाली पोरांची ताटं. पंखा हळू फिरतोय म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. पंखा बघतानाच मी म्हटलं, काकू, आधी हे निस्तरू, मग मोटर बघू.

सामान साधं होतं. दोन जुनी उशीची कव्हरं, चार-पाच जुनी सुती फडकी, एक जुनी चादर, दोन पातेली आणि भांडी घासायचं लिक्विड. नेहमीचा ४८ इंची पंखा असेल तर एक पातं साधारण दीड-पावणेदोन फुटांचं असतं, म्हणजे उशीच्या कव्हरात ते आरामात मावतं. एका पातेल्यात अर्धा लिटर कोमट पाणी आणि एक छोटा चमचा लिक्विड, दुसऱ्यात नुसतं कोमट पाणी. पाणी हाताला सोसेल एवढंच. लिक्विड जास्त घालू नका, नाहीतर नंतर फेस काढण्यात वेळ जातो. पात्यावर साबणाचा पातळ पापुद्रा राहिला तर तो पुढच्या धुळीला लवकर पकडतो, ते वेगळंच.

चादर पंख्याच्या घेरापेक्षा दोन्हीकडे हातभर जास्त पसरा. टेबल-सोफा हलवता येत नसेल तर चादर त्यावरूनच टाका. मग मेन बोर्डावरची त्या पंख्याची एमसीबी पाडा. नुसत्या बटणावर विसंबू नका. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं, तेव्हा बटण बंद असतं आणि पंख्यात करंट मात्र असतो. मंगळवार पेठेतल्या किंवा शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात तर हे आधी बघाच. शिडी पक्की हवी आणि खाली धरायला एक माणूस. पलंगावर स्टूल ठेवून चढण्याचं धाडस करू नका. डोक्याला फडकं, नाकावर मास्क. चष्मा असेल तर काढू नका, नसेल तर साधा गॉगल लावा, कारण वर बघताना पडणारं सगळं डोळ्यातच जातं.

पहिली पायरी कोरडी, पण झाकलेली. उशीचं कव्हर पात्यावर मोटरीपर्यंत चढवा, वरून आणि खालून कापड हलकं दाबा आणि सावकाश बाहेरच्या टोकाकडे ओढा. वरची सुटी धूळ कव्हरातच पडते. एका हाताने पातं खालून मधोमध तोलून धरा. हे विसरायचं नाही, कारण नुसतं ओढलं तर पातं खाली वाकतं. बेडरूमचा पंखा असता तर काम इथेच संपलं असतं. काकूंच्या पंख्यावरून पहिल्या कव्हरात थोडीशीच धूळ आली, काळा थर जसाच्या तसा.

दुसरी पायरी लेपाची. फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा. हातात धरून हलवल्यावर थेंब पडता कामा नये. ते पात्याला वरून-खालून गुंडाळा आणि मोटरीपासून चार बोटं अंतर सोडा. पाच-सात मिनिटं तसंच राहू द्या. तेवढ्यात दुसऱ्या पात्याला गुंडाळा, म्हणजे वेळ फुकट जात नाही. कोमट साबणपाणी तेलात शिरतं आणि थर सैल होतो. मग त्या फडक्यावरून दुसरं कव्हर चढवा आणि आतलं फडकं दाबून दोन्ही एकदम बाहेर ओढा. घाण फडक्याला लागलेली, फडकं कव्हराच्या आत, खाली काही नाही. काकूंच्याकडे पहिल्या ओढीत फडकं अक्षरशः काळं झालं आणि पात्याचा पांढरा रंग पट्ट्या-पट्ट्यांनी दिसायला लागला. कडेवर राहिलेल्या रेघेसाठी तोच लेप परत एकदा द्यावा लागला. खरवडायची घाई केली नाही, म्हणून रंग शाबूत राहिला.

मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने पुसा आणि शेवटी कोरड्याने. पातं झालं की पाठीमागून बोट फिरवा. बोट सरसर सरकलं तर झालं, अडखळलं तर तेल अजून आहे.

मोटरीवर पाणी मारू नका. माझ्या दुकानात 'साफ केल्यापासून आवाज करतोय' म्हणून पंखे येतात, त्यातल्या बऱ्याच जणांनी स्प्रेची बाटली थेट मोटरीवर मारलेली असते. पाणी भोकांतून आत शिरतं, बेअरिंगचं ग्रीस खराब होतं. रिमोटवर चालणाऱ्या नव्या बीएलडीसी पंख्यात तर आत इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, तो भिजला की खर्च मोठा. मोटरीचा गोळा कोरड्या रंगाच्या ब्रशने झाडा आणि दुसऱ्या हाताने खाली ओलसर फडकं धरा. मोटरीच्या वर जे गोल झाकण असतं त्यात धूळ साठते. ते हलवलं की सगळी एकदम खाली येते, तेव्हा त्याला आधी ओलं फडकं गुंडाळा आणि मगच हात लावा.

सोडा आणि रॉकेलबद्दल विचाराल म्हणून सांगतो. धुण्याचा सोडा पात्यांना वापरू नका. आपल्याकडच्या बऱ्याच पंख्यांची पाती ॲल्युमिनियमची, वरून रंगवलेली असतात. तीव्र सोडा रंग फिका करतो आणि रंग उडालेल्या जागी ॲल्युमिनियमला खातो. थिनर तर रंगच काढतो. रॉकेलने तेल निघतं, पण गॅसच्या शेजारी तो वास आणि ती वाफ नको. अगदीच चिवट डाग असेल तर खाण्याच्या सोड्याची पाण्यात घट्ट पेस्ट करून बोटाने हलक्या हाताने लावा. त्याआधी पात्याच्या वरच्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, थोडी लावून बघा. सोनेरी रेघा किंवा लाकडी डिझाइनची पाती असतील तर पेस्टही टाळा.

पाती पूर्ण कोरडी झाल्यावर, साधारण अर्ध्या तासाने, एमसीबी चढवा. खालची चादर अजून उचलू नका. पंखा आधी कमी स्पीडवर आणि मग फुल करून दोन मिनिटं चालवा. मोटरीच्या फटीत राहिलेली बारीक धूळ तेव्हा पडते आणि ती चादरीवर आलेली बरी. मग चादरीच्या चारही कडा आत दुमडून ती उचला आणि बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून झटका.

आता पंखा डुलत असेल तर साफ करताना पातं वाकलं असण्याची शक्यता आहे. पंखा बंद करून छतापासून पात्याच्या टोकापर्यंत पट्टी उभी धरा आणि माप घ्या. पट्टी तिथेच ठेवून पंखा हाताने फिरवत तिन्ही पात्यांची मापं बघा. एक माप बाकीच्यांपेक्षा ठळक वेगळं निघालं तर तेच पातं वाकलेलं. ते स्वतः वाकवून सरळ करत बसू नका, स्क्रू सैल आहेत का एवढं बघून घ्या, नाहीतर वायरमनला सांगा. थर फारच जाड असेल आणि पाती काढून नळाखाली धुवावीशी वाटली तर काढण्याआधी पाती आणि मोटरीवरच्या जागांवर पेनने १, २, ३ आकडे घाला. पात्यांचा सेट वजनाने जुळवलेला असतो, जागा बदलल्या की डुलणं वाढू शकतं.

हळू फिरण्याचं म्हणाल तर काकूंच्या पंख्याचा कपॅसिटर कमजोर झाला होता, तो बदलला. साफसफाईने तेवढं सुटलं नसतं, पण जाड थराने पात्यांवर वजन येतं आणि हवा नीट कापली जात नाही, हेही खरं.

तो थर परत बसू नये म्हणून तळण आणि भाजणी चालू असताना एक्झॉस्ट फॅन लावा, गॅस बंद झाल्यावरही पाच-दहा मिनिटं चालू राहू द्या, आणि त्या वेळात छताचा पंखा शक्यतो बंद ठेवा. तो वाफ सगळ्या घरात फिरवतो, शिवाय गॅसची आच हलते. महिन्यातून एकदा पिळलेल्या फडक्याने पाती पुसलीत तर लेप लावण्याची वेळ वर्षातून एखाद-दोनदा येईल, नवरात्राच्या आणि दिवाळीच्या साफसफाईत धरून.

काळी झालेली फडकी आणि कव्हरं इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका. गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर भिजवा, मग हाताने घासा. सोडा लागतो तो इथे.