कॅस्पेस-८ आणि मायटोकॉन्ड्रियाचा आडमार्ग

प्रश्न: कॅस्पेस-८ जर कॅस्पेस-३ ला डायरेक्ट कापू शकतो तर अपॉप्टोसिसच्या एक्स्ट्रिन्सिक पाथवेमधे मायटोकॉन्ड्रिया कशाला मधे आणतात? ते तर इंट्रिन्सिकचं काम ना?

कापतो, पण नुसतं कापलं म्हणून कॅस्पेस-३ कामाला लागेलच असं नाही, खरी मेख तिथेच आहे.

अपॉप्टोसिस म्हणजे पेशीची आत्महत्या आणि कॅस्पेस म्हणजे त्यात प्रोटीन्स कापणारी एन्झाइम्स. तिचे दोन्ही रस्ते आधी पटकन बघू. इंट्रिन्सिकमधे गडबड पेशीच्या आत असते, म्हणजे डीएनए तुटला वगैरे. मग बॅक्स आणि बॅक ही प्रोटीन्स मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतात, सायटोक्रोम सी बाहेर सांडतो (एरवी हा बिचारा श्वसनसाखळीत इलेक्ट्रॉन पोचवायचं काम करतो), तो अपाफ-१ ला चिकटतो, अशा सात जोड्यांचं चाक बनतं आणि त्या चाकावर कॅस्पेस-९ जागा होतो. एक्स्ट्रिन्सिकमधे निरोप बाहेरून येतो, उदा. फास लिगँड पेशीवरच्या फास रिसेप्टरला चिकटतो, आणि त्या रिसेप्टरच्या आतल्या टोकाशी कॅस्पेस-८ गोळा होऊन जागा होतो. शेवटी दोघंही कॅस्पेस-३ लाच कापतात.

आता तुझा प्रश्न. पेशीत एक्सआयएपी नावाचं प्रोटीन असतं, ते कापलेल्या कॅस्पेस-३ च्या तोंडातच जाऊन बसतं. कॅस्पेस-८ ने पहिला काप दिला तरी पुढचा काप कॅस्पेस-३ ने स्वतः स्वतःला द्यायचा असतो आणि एक्सआयएपी नेमका तोच होऊ देत नाही, त्यामुळे एन्झाइम अर्धवट कापलेलं आणि गप्प पडून राहतं. थायमोसाइटसारख्या पेशीत रिसेप्टरपाशी कॅस्पेस-८ भरपूर जागा होतो, तो एक्सआयएपीला पुरून उरतो, तिथे मायटोकॉन्ड्रियावाचून काही अडत नाही. यांना टाइप १ म्हणतात. लिव्हरच्या पेशी टाइप २, तिथे हा सिग्नल एकट्याने एक्सआयएपीला भारी पडत नाही.

मग टाइप २ पेशी काय करते तर कॅस्पेस-८ बिड नावाचं प्रोटीन कापतो, त्याचा उरलेला तुकडा (टीबिड) मायटोकॉन्ड्रियावर जाऊन बॅक्स-बॅकला उठवतो. भोकं पडली की सायटोक्रोम सी सोबत स्मॅकपण बाहेर येतो, आणि स्मॅक एक्सआयएपीला धरून कॅस्पेसवरून बाजूला ओढतो. सगळे फक्त सायटोक्रोम सी चं नाव घेतात पण माझ्या मते या रस्त्यावर खरा हिरो स्मॅक आहे, कारण कॅस्पेस-३ अर्धा कापलेला तयारच होता, फक्त त्याच्यावर बसलेल्याला उठवायचं होतं.

याचा पुरावा उंदरांत आहे. साध्या उंदराला फासला जागं करणारी अँटिबॉडी टोचली तर लिव्हर निकामी होऊन तो काही तासांत मरतो. १९९९ साली बिड नसलेल्या उंदरांना तीच टोचली तर बहुतेक वाचले. नंतर २००९ मधे असं दिसलं की बिडसोबत एक्सआयएपीपण काढून टाकला तर लिव्हरच्या पेशी परत मरतात, म्हणजे त्या टाइप १ सारख्या वागायला लागतात. बिडची गरज एक्सआयएपीमुळेच होती हे यातून सरळ दिसतं.

आता एक माझी फजिती सांगतो. प्रोजेक्टच्या वेळी मी जुरकाट पेशी (ह्या टाइप २) आणि मायटोकॉन्ड्रियाला भोकं पडू न देणारं बीसीएल-२ प्रोटीन जास्त बनवणाऱ्या जुरकाट, दोन्हींना फासची अँटिबॉडी दिली आणि वेस्टर्न ब्लॉटवर कापलेला कॅस्पेस-३ शोधला. दोन्हीकडे बँड आला, मी खुशीत लिहून टाकलं की बीसीएल-२ चा काही उपयोग झाला नाही, पेशी मरतायत. सरांनी विचारलं, फ्लास्क बघितलास का? बघितला तर बीसीएल-२ वाल्या पेशी मस्त गोल गरगरीत जिवंत! झालं असं की ब्लॉटची अँटिबॉडी कापलेल्या कॅस्पेस-३ चे दोन्ही तुकडे पकडते, पहिल्या कापानंतरचा १९ किलोडाल्टनचा आणि पुढच्या कापानंतरचा १७ चा, आणि मी ते दोन बँड वेगळे दिसतील एवढं जेल चालवलंच नव्हतं. नीट चालवल्यावर साध्या जुरकाटमधे १७ चा बँड ठळक, बीसीएल-२ वाल्यांमधे मात्र जवळपास सगळं १९ वर अडकलेलं, कारण बीसीएल-२ ने मायटोकॉन्ड्रिया बंद ठेवला, स्मॅक बाहेर आलाच नाही. कॅस्पेस-३ खरंच कामाला लागला की पार्प नावाचं प्रोटीन कापतो, ते लावून बघितलं तेव्हा खात्री पटली, साध्या जुरकाटमधे ११६ चा पार्प तुटून ८९ चा झालेला आणि दुसरीकडे बहुतेक सगळा अखंड. म्हणून ब्लॉटवर नुसता 'कापलेला' बँड बघून पेशी मेली असं लिहू नकोस, १९ आहे का १७ ते बघ आणि सोबत पार्प लाव.