२० मे नको, ३० मे: आईच्या ९० दिवसांचा हिशेब

> आईकडे मल्टिपल एंट्रीचा शेंगेन व्हिसा आहे, पुढच्या वर्षापर्यंत चालतो. २० डिसेंबर ते १८ जानेवारी आणि मग १ मार्च ते १० एप्रिल २०२६ ती ताईकडे आइंडहोवनला राहून आली. ताईला १२ जून तारीख दिली आहे, म्हणून आईचं २० मेचं तिकीट बघतोय. ट्रॅव्हलवाले म्हणतात, पहिल्या एंट्रीपासूनचे १८० दिवस १७ जूनला संपतात, १८ पासून नवे ९० मिळतील. बरोबर आहे का?

बरोबर नाही. आणि २० मेचं तिकीट कृपा करून काढू नका.

तुमचा प्रश्न वाचून माझा जीव खालीवर झाला, कारण हेच वाक्य मला पुण्यातल्याच एका जुन्या ट्रॅव्हल ऑफिसात सांगितलं गेलं होतं. नाव लिहीत नाही. "काकू, पहिल्या एंट्रीपासून सहा महिने मोजायचे, मग मीटर शून्यावर." त्यांनी सांगितलेला नियम एके काळी खरोखरच होता. पहिल्या प्रवेशापासून सहा महिन्यांत तीन महिने, असंच पूर्वी मोजत. १८ ऑक्टोबर २०१३ पासून ते बदललं. इतकी वर्षं झाली तरी काउंटरवर जुनंच सांगतात, आणि लोक त्यावर तिकिटं काढतात.

आजचा नियम असा: तुमची आई तिथे असेल त्या प्रत्येक दिवशी मागे वळून १८० दिवस पाहायचे, तो दिवस धरून. त्यात ती शेंगेनमध्ये ९० पेक्षा जास्त दिवस असता कामा नये. खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. पुढच्या टोकाला आजचा दिवस येतो, मागच्या टोकाचा एक दिवस गळतो. शून्यावर कधीच काही येत नाही, जुने दिवस एकेक करून गळत जातात. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मोजतात.

आता तुमच्याच तारखा घेऊ. डिसेंबर-जानेवारीचे ३० दिवस झाले, मार्च-एप्रिलचे ४१. एकूण ७१, म्हणजे वरवर पाहता १९ उरले. २० मेला गेली तर ७ जूनला तिचे ९० भरतात. बाळाची तारीख १२. म्हणजे बाळ व्हायच्या आधी आईला विमानात बसावं लागेल. तुमच्या ट्रॅव्हलवाल्यांच्या जुन्या नियमानेसुद्धा ७ जूनलाच ९० भरतात, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं का?

आता खरी गंमत पुढे आहे, आणि ती तुमच्या बाजूची आहे. २० डिसेंबरचा दिवस खिडकीतून १८ जूनला गळतो. त्या दिवसापासून रोज एक जुना दिवस जातो आणि रोज एक नवा येतो, त्यामुळे आकडा जागच्या जागी राहतो. पहिल्या मुक्कामाचे तीसही दिवस असे एकेक करून १७ जुलैपर्यंत गळतात. प्रश्न एवढाच, की १७ जूनपर्यंत आईचा आकडा ९० च्या आत राहील का. ३० मेला उतरली तर १७ जूनला तिचे १९ नवे दिवस होतात. ७१ आणि १९, बरोबर ९०. दुसऱ्या दिवसापासून गळती सुरू, आणि ती थेट १७ जुलैपर्यंत राहू शकते. सलग ४९ दिवस!

म्हणजे दहा दिवस उशिरा गेली, तर १९ ऐवजी ४९ दिवस मिळतात. २९ मेला गेली तर मात्र १७ जूनला आकडा ९१ होतो आणि तिथून पुढचा प्रत्येक दिवस जादाचा. एका दिवसाने एवढा फरक पडतो, म्हणून म्हणते की "साधारण मेअखेर" असं बोलून चालत नाही, तारीखच लागते.

१८ जूनला गेली तर नवे ९० मिळतील, हे तर साफ चूक. मार्च-एप्रिलचे ४१ दिवस तेव्हा खिडकीत तसेच असतात आणि ते २८ ऑगस्टपर्यंत गळायला सुरुवातही होत नाही. तेव्हा गेली तर ५ ऑगस्टला निघावं लागेल. पूर्ण ९० हवे असतील तर आईने सलग ९० दिवस बाहेर काढायला हवेत. ११ एप्रिल ते ९ जुलै हे ते दिवस, म्हणजे १० जुलैला गेल्यास ७ ऑक्टोबरपर्यंत राहता येतं. पण तुम्हाला बाळंतपणाला आई हवी आहे, तेव्हा हा पर्याय कामाचा नाही.

हातानं पडताळायचं असेल तर एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा. माणूस तिथे असताना त्याचा आकडा कधी कमी होत नाही, कारण रोज एक दिवस वाढतोच आणि गळला तर जास्तीत जास्त एक गळतो. त्यामुळे प्रत्येक मुक्कामाचा शेवटचा दिवस तपासला की पुरतं. उतरायच्या दिवशी किती शिल्लक आहे, हा आकडा निम्म्या वेळा फसवतो. तुमच्या बाबतीत तो १९ दाखवतो आणि मिळतात ४९. एक्सेलमध्ये शेवटची तारीख B1 मध्ये लिहा, खिडकीची सुरुवात अशी निघते:

```
=B1-179
```

१८० नाही, १७९, कारण तो दिवसही धरायचा आहे. १७ जुलै टाकलंत तर १९ जानेवारी येईल. त्यानंतरचे शेंगेनमधले दिवस मोजा, ४१ आणि ४९. मी स्वतः कालनिर्णयवर पेन्सिलीने गोल करते. गेल्या वर्षीचं कालनिर्णय रद्दीत टाकू नका, जानेवारीत मागचे सहा महिने लागतात. युरोपियन कमिशनच्या साइटवर शॉर्ट-स्टे कॅल्क्युलेटर फुकट आहे. त्यात आईचे मागचे दोन्ही प्रवास भरा आणि मग पुढचा टाका. एखादा जुना प्रवास भरायचा राहिला तर तेही चुकीचंच उत्तर देईल.

माझं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ऑफिसवाल्यांच्या "काही होत नाही हो" यावर विश्वास ठेवायचा का, हे तुम्हाला ठरवायचं आहे. त्यांनी सांगितलेल्या तारखेला मी परतीला निघाले. पासपोर्ट तपासणीच्या काचेमागचा तरुण अधिकारी शिक्के मागेपुढे करत कागदावर लिहीत होता, एकाखाली एक, अगदी शांतपणे. मग त्याने बेरीज माझ्याकडे वळवली. जादाच्या दिवसांची नोंद झाली आणि पुढच्या व्हिसाच्या अर्जाला नकार आला. दुसऱ्या नातवाच्या बारशाला मी पुण्यातूनच फोनवर होते. ऑफिसात जाऊन विचारलं, तर उत्तर आलं, "अधिकाऱ्यावर अवलंबून असतं." अजिबात नसतं. तो नियम होता आणि त्याने नुसती बेरीज केली. मला आजही त्या उत्तराचा जास्त राग येतो.

म्हणून कोणत्याही एजंटला एकच प्रश्न विचारा: "आईचा पहिला जुना दिवस कोणत्या तारखेला गळेल?" उत्तर १८ जून आलं तर त्याला कळतं. "सहा महिन्यांनी" असं आलं तर उठून या.

आता ३० मेबद्दल एक सावधगिरी. तुमच्यासाठी ही सगळ्यात लवकरची तारीख आहे, आणि तिथून १७ जूनपासून पुढे आकडा रोज बरोबर ९० वर बसतो, एका दिवसाचीही सवड नाही. मी असते तर २ जूनला पाठवलं असतं आणि १७ जुलैच्या आतलंच परतीचं तिकीट काढलं असतं. २ जूनला गेली तर मर्यादा २० जुलैपर्यंत जाते, म्हणजे विमान रद्द झालं तरी तीन दिवस हातात. दिवस मोजतात ते पासपोर्ट तपासणीपासून, मुंबईहून निघाल्यापासून नाही. फ्रँकफर्टवरून जाणार असेल तर प्रवेश फ्रँकफर्टलाच होतो. परतताना रात्रीच्या विमानासाठी तपासणी मध्यरात्रीनंतर झाली तर तो पुढचा दिवस धरला जातो, हेही बघा.

व्हिसाच्या स्टिकरवर "ड्युरेशन ऑफ स्टे" च्या पुढे ९० लिहिलंय ना, ते आधी वाचा. काहींच्या मल्टिपल एंट्री व्हिसावर तिथे ३० किंवा ४५ असतं, आणि मग वरचा सगळा हिशेब लागू होत नाही. मधे कुठे फिरायला जाणार असाल तर क्रोएशिया, रोमानिया, बल्गेरियाही आता मोजणीत आहेत. लंडन आणि आयर्लंड नाहीत.

तिकडे पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी नवी पद्धत १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने आली आहे. आईच्या दोन प्रवासांत कदाचित एकीकडे शिक्का आणि दुसरीकडे नुसती नोंद असेल, म्हणून बोर्डिंग पास आणि शिक्क्यांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. वाद झालाच तर तेच कामाला येतात.

आई तिथे आजारी पडली किंवा प्रवासच अशक्य झाला, तर दिवस संपायच्या आधी तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात मुदतवाढीचा अर्ज करता येतो. दिवस संपल्यावर जाऊन उपयोग नाही, आणि "ताईला अजून मदत हवी आहे" एवढं कारण पुरेल असं गृहीत धरू नका.

मी वकील नाही. आईकडे कुठल्या शेंगेन देशाचा रहिवासी परवाना किंवा दीर्घ मुदतीचा डी व्हिसा असता, तर ते दिवस यात धरलेच नसते. जावई युरोपियन नागरिक असले तरी नियम वेगळे पडू शकतात. तसं काही असेल तर इथे लिहा.

आणि हा हिशेब माणशी असतो. बाबा मागच्या दोन खेपांना गेले नसतील आणि त्यांच्याकडे व्हिसा असेल, तर त्यांचे पूर्ण ९० शिल्लक आहेत. ताईच्या सासूबाईंनाही विचारा. आई जुलैच्या मध्याला निघेल तेव्हा त्या पोचल्या तर ताईला आणखी तीन महिने कुणीतरी घरात असेल. आमच्याकडे धाकटीच्या वेळी विहीणबाई आणि मी असंच आलटून पालटून जायचं ठरवलं होतं. त्यांचा अर्ज मात्र आत्ताच टाका, मे-जूनमध्ये पुण्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो.