कॅन्सरनंतर स्तन पुन्हा तयार करायची सर्जरी ‘कॉस्मेटिक’ म्हणून नाकारली, तर पुढे काय?

प्रश्न: ताईचा डावा स्तन कॅन्सरमुळे जानेवारी २०२४ मध्ये काढला. केमो झाली, रेडिएशन जुलैत संपलं. आता प्लास्टिक सर्जन पोटाचा भाग वापरून स्तन परत तयार करू म्हणतात, इथेच नागपुरात. एस्टिमेट ४ लाख ६० हजार. पॉलिसी २०१९ पासूनची, कॅन्सरचा क्लेम याच कंपनीने दिला होता. पण आता टीपीएने कॅशलेस नाकारलं, कारण दिलं ‘कॉस्मेटिक सर्जरी, Excl08’. कॅन्सर तर बरा झाला, मग हे खरंच कॉस्मेटिक धरतात का?

उत्तर:

नाही. ज्या कलमाचा नंबर टाकून नाकारलंय, तेच कलम तुमच्या बाजूचं आहे. यंदा नूतनीकरण झालेल्या पॉलिसीचं पूर्ण पुस्तक काढा (दोन पानांचं सर्टिफिकेट नव्हे) आणि Excl08 वाचा. हे कलम कंपनीने स्वतः रचलेलं नाही. विमा नियामक आयआरडीएआयने वगळणुकींची भाषा ठरवून दिली आहे, त्यामुळे जवळपास प्रत्येक पॉलिसीत ते सारखंच असतं. मराठीत त्याचा अर्थ असा: रूप बदलण्यासाठी केलेल्या कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळणार नाही; मात्र अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांच्यानंतरची पुनर्रचना असेल, किंवा आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठीच्या आवश्यक उपचाराचा ती भाग असेल, तर मिळेल. शेवटी एक ओळ आहे की वैद्यकीय गरज धरायची तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं प्रमाणित केलं पाहिजे.

सगळा खेळ त्या ‘किंवा’मध्ये आहे. टीपीएचे, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेचे, डॉक्टर बरेचदा विचारतात, ‘जिवाला धोका काय आहे? नाही केली सर्जरी तर काय होईल?’ हा प्रश्न ‘किंवा’च्या नंतरच्या भागातला. ज्याला अपघात, भाजणं किंवा कॅन्सर झालेला नाही, त्याच्यासाठी तो भाग आहे. तुमच्या ताईचं प्रकरण ‘किंवा’च्या आधीच बसतं. तिथे सिद्ध करायचं एवढंच की कॅन्सर होता, त्यामुळे अवयव गेला आणि ही सर्जरी तोच अवयव पुन्हा उभा करते. ‘कॅन्सर बरा झाला’ हा मुद्दाच गैरलागू आहे, कारण पुनर्रचना ही कॅन्सरनंतरचीच असते. शिवाय किती महिन्यांच्या आत करावी, अशी कुठलीही मुदत त्या कलमात नाही.

तरीही मधला काळ फाइलमध्ये समजावून सांगावा लागतो, कारण वाचणाऱ्याच्या मनात शंका तिथूनच सुरू होते: इतके दिवस चाललं, मग आताच का? उत्तर वैद्यकीय आहे. रेडिएशन झालेली कातडी घट्ट होते, तिचा रक्तपुरवठा कमी होतो. अशा कातडीखाली सिलिकॉनचा इम्प्लांट ठेवला तर भोवतीचं आवरण आवळून कडक होण्याचं आणि जखम न भरण्याचं प्रमाण वाढतं. म्हणून सर्जन रेडिएशन संपल्यावर साधारण सहा महिने ते वर्षभर थांबतात आणि मग अंगाचाच भाग रक्तवाहिन्यांसकट आणून जोडतात. पोटाचा भाग घेतला तर बऱ्याचदा तो डीआयईपी फ्लॅप असतो. म्हणजे ताई थांबली ती हौसेने नाही, तर उपचाराचा क्रमच तसा आहे. हे वाक्य सर्जनच्या पत्रात असलं पाहिजे.

मग नाकारलं का? बहुतेक वेळा कारण कलमात नसतं, प्री-ऑथच्या, म्हणजे कॅशलेसच्या पूर्वमंजुरीच्या, फॉर्ममध्ये असतं. त्या फॉर्मची डॉक्टरांनी भरायची पानं हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्ककडे मागा आणि तीन जागा तपासा.

पहिली, निदानाची जागा. तिथे नुसतं ‘ब्रेस्ट रिकन्स्ट्रक्शन’ लिहिलेलं असतं. ते निदान नव्हे, सर्जरीचं नाव झालं. निदान असं हवं: डाव्या स्तनाचा कॅन्सर, शस्त्रक्रिया व रेडिएशननंतर स्तनाचा अभाव. दुसरी, आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या कोडची. घाईत कुणीतरी `Z41.1` टाकतं आणि त्याचा अर्थच ‘दिसणं न आवडल्यामुळे केलेली प्लास्टिक सर्जरी’ असा आहे. टीपीएच्या स्क्रीनवर तो कोड उमटला की पुढचं कुणी वाचत नाही. योग्य कोड `Z85.3` (पूर्वी स्तनाचा कॅन्सर), `Z90.1` (स्तन काढलेला असणं) आणि `Z42.1` (स्तनाच्या प्लास्टिक सर्जरीचा पुढचा उपचार). कोड डॉक्टरांनीच ठरवायचा, पण चुकलेला दाखवून द्यायला हरकत नाही.

तिसरी जागा सगळ्यात जास्त नडते, ती म्हणजे एस्टिमेट. पोटाचा भाग काढल्यावर तिथली जखम शिवावीच लागते. पण ती ओळ ‘ॲब्डोमिनोप्लास्टी’ म्हणून लिहिली की वाचणाऱ्याला वाटतं, बाईंनी जाता जाता पोट कमी करून घेतलं. ते खरं तर फ्लॅप घेतलेल्या जागेचं बंद करणं आहे आणि तसंच लिहायला हवं. तुमच्या ४ लाख ६० हजारांत उजव्या, म्हणजे निरोगी स्तनाला मापाचा करण्याची सर्जरी धरली आहे का, हेही विचारा. समजा तिचे ७० हजार आत आहेत. कलमात दुसऱ्या बाजूबद्दल स्पष्ट शब्द नाहीत आणि तिथे कॅन्सर झालेला नाही, म्हणून खरा वाद होऊ शकतो तो या रकमेवर. ती एकाच आकड्यात मिसळली तर तिच्यापायी उरलेले ३ लाख ९० हजारही अडकतात. वेगळी ओळ करा. माझं मत विचाराल तर ते ७० हजारही मागावेत, कारण दोन बाजू जुळवणं हा पुनर्रचनेचाच टप्पा आहे. पण मुख्य मंजुरी त्यांच्यावर टांगू नये.

आता सर्जनचं पत्र. ‘पेशंटला सर्जरीची गरज आहे’ अशा एका ओळीचा काही उपयोग नाही. लेटरहेडवर, तारीख, सही आणि नोंदणी क्रमांकासह, साधारण या अर्थाचं हवं (भाषा इंग्रजी असेलच):

‘रुग्णाचा डावा स्तन कर्करोगासाठी जानेवारी २०२४ मध्ये काढण्यात आला, बायोप्सी अहवाल सोबत. रेडिएशन जुलै २०२४ मध्ये पूर्ण झाले. किरणोत्सारित त्वचेमुळे पुनर्रचना पुढे ढकलणे आवश्यक होते. प्रस्तावित शस्त्रक्रिया कर्करोगामुळे गेलेल्या स्तनाची पुनर्रचना आहे, सौंदर्यवर्धन नाही, आणि ती वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचे मी प्रमाणित करतो.’

तपासणीत जे सापडलं तेही त्यात येऊ द्या. व्रण आवळल्यामुळे डावा खांदा किती अंशांपर्यंत उचलला जातो, एका बाजूच्या वजनाने मान-पाठ दुखते का. ‘किंवा’च्या आधीच्या मुद्द्यासाठी हे लागत नाही, पण लिहिलेलं बरं. जे नाही ते मात्र लिहायला लावू नका. टीपीएचा माणूस तपासायला हॉस्पिटलात येऊ शकतो.

या पत्रासोबत पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी, रेडिएशन पूर्ण झाल्याचा कागद आणि कंपनीने तेव्हा दिलेलं क्लेम मंजुरीचं पत्र जोडा. हे शेवटचं फार कामाचं, कारण कॅन्सर झाला होता हे कंपनीने स्वतःच मान्य केलंय. उपचार शासकीय मेडिकल कॉलेजात किंवा तुकडोजी पुतळ्याजवळच्या कॅन्सर हॉस्पिटलात झाले असतील आणि कागद हरवले असतील, तर तिथल्या मेडिकल रेकॉर्ड विभागात अर्ज देऊन प्रती घ्या. यात दिवस जातात, म्हणून आधी तेच काम लावा.

भाजल्यानंतरच्या सर्जरीसाठी कुणी हे वाचत असेल तर कलम तेच, फक्त शब्द सांभाळा. मानेची कातडी आवळून हनुवटी खाली ओढली गेली असेल तर फॉर्मवर ‘स्कार रिव्हिजन’ लिहू नये. ‘भाजल्यानंतरचं मानेचं कॉन्ट्रॅक्चर, रिलीज आणि स्किन ग्राफ्ट’ असं लिहावं, कोड `T95.0`. मान किती अंश मागे जाते आणि तोंड किती मिलिमीटर उघडतं हे मोजून, बाजूने काढलेला फोटो जोडावा. जळिताच्या केसमध्ये एमएलसीची, म्हणजे हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेल्या नोंदीची, प्रतही मागतात.

प्रक्रिया अशी. कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे. हॉस्पिटलकडून दुरुस्त फॉर्म आणि पत्रासह फेरविचाराची विनंती पाठवा. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे प्री-ऑथवर तासाभरात निर्णय द्यायचा असतो. क्लेम नाकारायचा तर कंपनीच्या क्लेम समितीची मंजुरी लागते आणि पॉलिसीतली अट दाखवून कारण द्यावं लागतं. म्हणून टीपीएच्या फोनवरच्या बोलण्यावर थांबू नका. कंपनीला ईमेल करून एकच प्रश्न विचारा: Excl08 मध्ये कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेला दिलेला अपवाद इथे का लागू नाही? याचं लेखी उत्तर देणं त्यांना जड जातं.

तरीही नाहीच म्हणाले तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा, आणि सोबत `bimabharosa.irdai.gov.in` वर नोंद करा. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा समाधानकारक आलं नाही, तर विमा लोकपाल. नागपूर पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतं. तक्रार `cioins.co.in` वर ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. तोच विषय आधीच ग्राहक आयोगात नेला असेल तर लोकपाल तो घेत नाहीत, म्हणून आधी कुठे जायचं ते ठरवून घ्या.

तुमच्या बाबतीत पॉलिसी कॅन्सरच्या आधीची आणि अखंड चालू आहे, म्हणून आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा आड येत नाही. कॅन्सरनंतर नवी पॉलिसी घेतली असती तर जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागलं असतं, आणि त्या नकाराशी कॉस्मेटिकचा संबंध नसता. दोन नकारांची उत्तरं वेगळी असतात, म्हणून पत्रात कलमाचा नंबर कोणता आहे ते आधी पाहायचं.

तारीख ठरवण्याआधी एवढंच बघा की खोलीच्या भाड्याची मर्यादा किती आहे. फ्लॅप जोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्याचा रंग, ऊब आणि रक्तप्रवाह सतत पाहावा लागतो, बऱ्याचदा आयसीयूमध्ये. त्यानंतर मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर सर्जनच्या फीसकट बऱ्याच खर्चाला त्याच प्रमाणात कात्री लागते. हे पैसे कोणताही लोकपाल परत मिळवून देत नाही.