रिसेप्टरपासून फ्लॅजेलाच्या मोटरपर्यंत निरोप कसा जातो?

प्रश्न: ॲस्पार्टेट हे अमिनो आम्ल मिळालं की ई. कोलाय या जिवाणूचा रिसेप्टर कायनेझ, म्हणजे फॉस्फेट जोडणारं एन्झाइम, चालू करतो ना? मग जिवाणू गिरक्या कमी का घेतो?

उत्तर: इथे गोष्ट उलटी आहे. ॲस्पार्टेट चिकटलं की कायनेझ बंद पडतो, आणि सगळी गंमत त्यातच आहे.

ॲस्पार्टेट नसताना, ते ओळखणाऱ्या टार रिसेप्टरला जोडलेला की-ए हा कायनेझ एटीपीमधला फॉस्फेट स्वतःच्या हिस्टिडीन या अमिनो आम्लावर घेतो. तिथून तो की-वाय या छोट्या प्रथिनाच्या साखळीतल्या ५७ व्या जागेवरच्या ॲस्पार्टेटवर जातो. निरोप पोचवणाऱ्या अशा जोडीला टू-कंपोनंट सिस्टीम म्हणतात; तिचे दोन घटक म्हणजे हे की-ए आणि की-वाय. फॉस्फेट घेतलेला की-वाय पेशीत तरंगत मोटरपाशी पोचतो आणि तिथल्या फ्लि-एम प्रथिनाला चिकटतो. मोटर एरवी घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, तेव्हा फ्लॅजेलांची, म्हणजे शेपटीसारख्या तंतूंची, एकच जुडी होऊन जिवाणू सरळ पोहतो. की-वाय चिकटले की दिशा पालटते, जुडी विस्कटते आणि जिवाणू जागीच गिरकी घेतो.

आता ॲस्पार्टेट आलं. की-ए थंडावला, नवा फॉस्फेट येईना. पण आधीच तयार झालेल्या फॉस्फेटवाल्या की-वायचं काय? तो फॉस्फेट की-झेड नावाचं प्रथिन झटपट काढून टाकतं, म्हणून सेकंदाच्या आत गिरक्या थांबतात. मला तरी की-झेडचं काम सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

म्यूटंट पाहिले की खात्री पटते: की-वाय नसलेला जिवाणू सरळच पोहत राहतो, की-झेड नसलेला सारखा गिरक्या घेतो.