निवड शिबिरासाठी प्राचार्य आणि क्रीडा विभागाला रजेचा अर्ज कसा लिहायचा?

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कबड्डीच्या राज्य संघाच्या निवड शिबिराला नाव आलंय, बंगळूरला 10 ते 21 फेब्रुवारी. मधेच एक इंटर्नलही आहे. प्रिन्सिपॉल आणि स्पोर्ट्स डिपार्टमेंटला रजेचा अर्ज कसा लिहू?

उत्तर:

सगळ्यात आधी अर्जातून 'रजा' हा शब्द काढ. मी खो-खो खेळायचे. कॉलेजात असताना अशाच एका शिबिरासाठी मी 'बारा दिवसांची रजा मिळावी' असा छान अक्षरात अर्ज दिला. प्राचार्यांनी सही केली, क्लार्कनं तो आजारपणाच्या रजांच्या फायलीत लावला आणि सेमिस्टर संपताना हजेरी कमी असलेल्यांच्या यादीत माझं नाव झळकलं. रजा मंजूर होती, पण मंजूर रजा म्हणजेही गैरहजेरीच. तुला हवी आहे ती ओ.डी., म्हणजे कॉलेजच्या कामासाठी बाहेर असल्याची नोंद, जी हजेरीत धरली जाते. अर्जाचा विषय लिहितानाच हे स्पष्ट करायचं.

ओ.डी.नं किती फरक पडतो, तो मांडून बघ. समज, एका प्रॅक्टिकलचे सेमिस्टरला 14 वर्ग होतात आणि तुझे 2 आधीच बुडालेत. शिबिराच्या दोन आठवड्यांत आणखी 2 जाणार. 14 पैकी 10, म्हणजे 71 टक्के. 75 ची अट असेल तर त्या एका विषयात तू अडकलीस, बाकी हजेरी कितीही चांगली असो. म्हणून अर्ज लिहायच्या आधी विषयवार हजेरी काढून घे. ओ.डी.ची सवलत किती टक्क्यांपर्यंत चालते हेही ऑफिसात विचारून ठेव, प्रत्येक कॉलेजची रीत वेगळी असते.

आता तारखा. मुलं इथे हमखास चुकतात. शिबिर 10 पासून आहे, पण बोलावण्याच्या पत्रात हजर व्हायची वेळ बघ. 9 ला संध्याकाळी रिपोर्टिंग असेल तर 8 च्या रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरावी लागेल. 8 ला रविवार आहे. 21 ला शनिवारी शिबिर संपलं की रात्रीची गाडी, 22 ला रविवारी घरी, 23 ला वर्गात. म्हणजे कॉलेजचे दिवस 9 ते 14 आणि 16 ते 21, एकूण 12. अर्जात 10 ते 21 एवढंच लिहिलंस तर 9 तारखेचा सोमवार उघडा पडतो. त्या दिवसाची प्रॅक्टिकल गेली की मग भांडत बसायचं.

दोन वेगळे अर्ज करू नकोस. अर्ज एकच, प्राचार्यांच्या नावे आणि फिजिकल डायरेक्टरांच्या मार्फत. पीडी सरांची शिफारस आधी घेतलीस की प्राचार्यांच्या टेबलावर प्रश्न कमी येतात. मजकूर साधारण असा:

> प्रति, मा. प्राचार्य
> मार्फत: शारीरिक शिक्षण संचालक
>
> विषय: राज्य कबड्डी निवड शिबिरासाठी 9 ते 21 फेब्रुवारी ओ.डी. मिळणेबाबत
>
> महोदय,
> मी बीएस्सी द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी (रोल नंबर …). राज्य संघाच्या संभाव्य खेळाडूंमध्ये माझी निवड झाली असून 10 ते 21 फेब्रुवारी या काळात बंगळूर येथे निवड शिबिर आहे. 9 तारखेला सायंकाळी हजर व्हायचे आहे. पत्राची प्रत सोबत जोडली आहे.
>
> प्रवासासह 9 ते 14 व 16 ते 21 फेब्रुवारी असे 12 कामाचे दिवस ओ.डी. म्हणून धरावेत, ही विनंती. या काळात होणारी (विषय, तारीख) इंटर्नल परीक्षा मला परत आल्यावर देण्याची परवानगी मिळावी.
>
> शिबिरातील उपस्थितीचे प्रमाणपत्र मी 23 फेब्रुवारीला सादर करीन.
>
> आपली विश्वासू,
> नाव, सही, मोबाईल नंबर, पालकांची सही

'संभाव्य खेळाडूंमध्ये' हे शब्द मी मुद्दाम घातलेत. शिबिरात जास्त मुली बोलावतात आणि शेवटी यादी छाटतात, तेव्हा 'माझी राज्य संघात निवड झाली' असं आत्ताच लिहिणं खोटं ठरतं. संघात आलीस तर स्पर्धेसाठी नवा अर्ज आणि नवी ओ.डी. लागेल. आणि मधेच नाव गळलं तर? मग शिबिर सोडलेल्या तारखेपर्यंतचंच प्रमाणपत्र मिळतं. पुढचे दिवस घरी बसलीस तर ती साधी गैरहजेरी. वाईट वाटेल, पण दुसऱ्या दिवशी वर्गात जायचं.

इंटर्नलची ओळ अर्जात असली तरी तेवढ्यावर थांबू नकोस. तो पेपर नंतर घ्यायचा की नाही हे विभागप्रमुख ठरवतात, प्राचार्यांची सही त्यांच्यापर्यंत आपोआप पोचत नाही. त्यांना आधी भेट आणि अर्जावरच एक ओळ लिहून सही घे.

भाषेचं म्हणशील तर तुझं कॉलेज ज्या भाषेत कारभार चालवतं त्या भाषेत दे. बहुतेक ठिकाणी इंग्रजी नाहीतर कन्नड. कन्नडचा बाऊ करू नकोस, अर्जाला अर्जी, हजेरीला हाजराती, रजेला रजे, शिबिराला शिबिर. निम्मे शब्द आपलेच आहेत की! वर 'मान्यरे' घालायचं आणि वर्गातल्या एखाद्या कन्नड मैत्रिणीकडून वाचून घ्यायचं. मी दुसऱ्या वेळी तसंच केलं. तिनं माझ्या चार ओळींत सहा चुका काढल्या, पण क्लार्कनं पहिल्यांदाच न कुरकुरता कागद घेतला.

बोलावण्याचं पत्र व्हॉट्सअॅपवर यादीच्या फोटोसारखं आलं असेल तर त्यावर भागत नाही. संघटनेच्या लेटरहेडवर, सही-शिक्का असलेलं, तारखा आणि ठिकाण लिहिलेलं पत्र पीडी सरांमार्फत मागव.

दोन प्रती काढ. एक ऑफिसात दे, दुसरीवर इनवर्ड नंबर, तारीख आणि गोल शिक्का मारून घे. क्लार्क म्हणेल, 'ठेवून जा, होतंय की.' ठेवून जाऊ नकोस. खिडकीशी उभी राहा, रजिस्टरमध्ये नोंद होईपर्यंत. माझ्या वेळी अर्ज सापडेना तेव्हा माझ्याकडे शिक्क्याची प्रत नव्हती, आणि शिबिराचे प्रशिक्षक तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. एका सहीसाठी दोनदा एसटी पकडून गेले.

म्हणून प्रमाणपत्र 21 तारखेलाच, बॅग भरायच्या आधी घे. त्यावर तुझं पूर्ण नाव, 'पासून' आणि 'पर्यंत' दोन्ही तारखा आणि सही-शिक्का आहे का बघ. नुसतं 'सहभाग घेतला' असं असेल तर तिथल्या तिथे तारखा घालून घे. 23 ला सकाळी त्याची झेरॉक्स ऑफिसात, एक पीडी सरांकडे, आणि त्याच आठवड्यात हजेरीपटावर तुझ्या नावापुढे ओ.डी. पडली का ते प्रत्येक विषयाच्या सरांकडे जाऊन डोळ्यांनी बघून ये.