ठसका लागला म्हणजे वास आला असं नाही

प्रश्न: एखादा वास आला की लहानपणचं काहीतरी एकदम समोर उभं राहतं, मूडसुद्धा बदलतो. फोटो बघून असं होत नाही. वास मेंदूपर्यंत जातो कसा आणि हे नेमकं का होतं? साध्या भाषेत सांगा.

उत्तर:

मी सांगलीत हळदीच्या अडतीवर बसतो. हळकुंड मोडायचं, कट्‌कन वाजतं का ऐकायचं, आतला रंग बघायचा आणि मग ते नाकाशी न्यायचं. रंग कुरक्युमिनचा असतो, पण त्याला म्हणावा असा वास नाही. हळदीचा वास तिच्यातल्या तेलाचा, मुख्यतः टर्मेरोन नावाच्या घटकांचा. त्यामुळे दिसायला पिवळीधमक हळदसुद्धा वासाला मेलेली असू शकते. हे ओळखण्यावर आमचं पोट आहे, आणि नेमकं तेच नाक माझं गेलं.

जानेवारी २०१९. मिरज रस्त्यावर स्कूटर घसरली आणि डोकं मागून आपटलं. हेल्मेट नव्हतं, त्यावर घरात पुष्कळ बोलून झालंय. दवाखान्यात डोक्याचा स्कॅन काढला, तो स्वच्छ आला. वास येतो का, हे मला कुणी विचारलं नाही आणि माझ्याही लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी घरी चहा घेतला तर नुसतं गरम गोड पाणी. मी बायकोला म्हणालो, आज आलं घातलं नाहीस का? घातलं होतं. आमटी बेचव, भाजी बेचव, मी रोज काहीतरी बोलायचो आणि ती रोज गप्प व्हायची. महिनाभर तिला वाटत होतं की आजारपणात हा माणूस तिरसट झालाय आणि माझ्या हाताला नावं ठेवतोय.

त्यात आमचे दादा. एकदा मिरचीची फोडणी बसली आणि मला जोरात ठसका लागला. दादा समोर बसलेले. म्हणाले, "ठसका लागला न्हवं? मग वास येत न्हाई कसा? उगं नाटकं करतोस." सगळ्या घरासमोर. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आता आहे. म्हणून हे जरा लांबेल.

श्वासाबरोबर वासाचे रेणू नाकाच्या अगदी वरच्या छतापर्यंत जातात. तिथे टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेत लाखो मज्जापेशी बसलेल्या असतात. डोळा, कान यांच्यासारखी मध्ये काच किंवा पडदा नाही. मज्जापेशीचं टोक थेट हवेकडे, पातळ शेंबडात बुडालेलं. माणसात वास पकडणाऱ्या कड्या साधारण ४०० प्रकारच्या आहेत आणि एका पेशीवर एकाच प्रकारची कडी असते. या कड्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली शोधली, त्यासाठी २००४चं नोबेल मिळालं. आता ४०० कड्यांत इतके सगळे वास कसे मावतात? पेटीसारखं समजा. पट्ट्या मोजक्याच, पण कुठल्या कुठल्या एकदम दाबल्या त्यावर सूर ठरतो. हळदीला एक जोडणी, ओल्या पोत्याला दुसरी.

या पेशींचे बारीक धागे वर मेंदूत जातात, आणि मध्ये कवटीचं हाड आहे. त्या हाडाला तिथे चाळणीसारखी भोकं असतात. धागे त्या भोकांतून वर निघतात आणि मेंदूच्या एका लहान गाठीत पोचतात. तिला ऑल्फॅक्टरी बल्ब म्हणतात, लांबी जेमतेम शेंगदाण्याएवढी. एकाच प्रकारच्या कडीचे सगळे धागे त्या गाठीत ठरलेल्या ठिकाणीच एकत्र येतात.

माझं जे झालं ते या चाळणीपाशी. डोकं मागून आपटलं की मेंदू कवटीत पुढे-मागे हलतो आणि भोकांत अडकलेले धागे तुटतात. हाड मोडत नाही, म्हणून स्कॅन स्वच्छ.

आणि ठसका? तो या वाटेने जातच नाही. मिरचीची जळजळ, अमोनियाचा झणका, पुदिन्याचा गारवा हे चेहऱ्याच्या एका वेगळ्या नसेचं काम आहे, ट्रायजेमिनल नावाची. ती स्पर्श, वेदना, थंड-गरम कळवते. घशातला ठसका अशाच आणखी एका नसेचा. माझ्या या नसा शाबूत होत्या. मिरचीचा वास शून्य आणि ठसका पूर्ण, हे अगदी शक्य आहे. दादा, वाचताय ना?

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. डोळ्याचं, कानाचं, स्पर्शाचं सगळं आधी थॅलॅमस नावाच्या मधल्या नाक्यावर जातं आणि तिथून पुढे वाटलं जातं. वास हा नाका टाळून आत शिरतो. बल्बमधून निघालेला निरोप थेट वास ओळखणाऱ्या भागाकडे आणि अमिग्डलाकडे जातो. अमिग्डला म्हणजे भीती, ओढ, किळस या भावनांशी जोडलेला भाग. आठवणी बांधणारा हिप्पोकॅम्पस तिथून एक-दोन पावलांवर. त्यामुळे कसला वास आहे हे शब्दांत सांगण्याआधीच छातीत काहीतरी हललेलं असतं.

पण जवळची वाट एवढंच कारण सांगून थांबणारे अर्धवट सांगतात. दुसरं कारण जास्त मोलाचं आहे. आजोबांचा फोटो तुम्ही शंभरदा बघता, त्यावर शंभरदा बोलता, प्रत्येक वेळी जुन्या आठवणीवर नवा थर चढतो. वासाबद्दल आपण बोलतच नाही, बोलायला शब्दही नाहीत. हळदीचा वास कसा? हळदीसारखा! म्हणून पहिल्यांदा जे जोडलं गेलं ते बिनवापराचं, तसंच राहतं. स्वीडनमध्ये म्हाताऱ्या माणसांवर प्रयोग झाला तेव्हा शब्द आणि चित्रांनी जास्त करून तरुणपणच्या आठवणी आल्या, वासाने मात्र पहिल्या दहा वर्षांतल्या.

आणि वासात मुळातून दुःख किंवा आनंद भरलेला नसतो, तो कशाबरोबर आला त्यावर ठरतं. बहुतेक वेळा तरी. याचा पुरावा आमच्याच घरात आहे. ऑगस्ट २०१९चा महापूर. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी उतरल्यावर गावात जो चिखल, कुजलेलं धान्य आणि भिजलेल्या गाद्यांचा वास होता, त्याने लोक ओकत होते. मी नाही. मला काहीच येत नव्हतं, मी तोंडाला काही न बांधता आठ दिवस पोती उपसली. दादा म्हणाले, "तुझं बरं झालं की." आज जुलैत भिंतीला ओल धरली की बायकोची छाती भरून येते, ती उठून दारात जाऊन उभी राहते. मला आता तो वास थोडाफार येतो, पण मला काहीच होत नाही. पूर आम्ही दोघांनी पाहिला, नुकसान दोघांचं झालं. माझ्या पुराला वासच जोडलेला नाही.

वास परत आला तो डिसेंबरपासून, आणि वाकडा आला. नाकातल्या या पेशी महिन्या-दोन महिन्यांनी नव्या होत राहतात, हे या अवयवाचं वैशिष्ट्य. पण नव्या धाग्याला चाळणीचं भोक सापडावं लागतं आणि वर योग्य जागी जोडलं जावं लागतं. चुकीच्या जागी जोडला तर पेटीची भलतीच पट्टी वाजते. मला कांद्याच्या फोडणीला जळक्या टायरचा वास यायचा. चार महिने मी कांद्याशिवाय जेवलो.

मग फेब्रुवारीत एका शेतकऱ्याकडे गेलो होतो, तिथे हळद शिजत होती. वाफ अंगावर आली आणि मी बांधावर बसलोच. हरिपूरचं पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खोल खड्डा, उघडलंय, आजोबा कमरेत वाकून कंदील दोरीने खाली सोडतायत, आणि माझा हात घट्ट धरलाय. (पेवात साठलेल्या वाईट हवेत दिवा विझतो, मग कुणी उतरत नाही. त्या हवेला वास नसतो. नाक तिथे उपयोगाचं नाही.) मी रडलो, शेतकरी बिचारा पाणी घेऊन धावला.

घरी येऊन आत्याला सांगितलं तर ती हसली. आजोबांनी माझ्या जन्माच्या आधीच पेवाचं काम सोडलं होतं. कंदील सोडणारा कुणी हमाल असणार, आजोबा मी कुठूनतरी चिकटवले. तेव्हा हे लक्षात ठेवा, वासाची आठवण फोटोपेक्षा जास्त हलवून टाकते, पण म्हणून ती जास्त खरी नसते. यावरून घरात जमिनीच्या हद्दीचे वाद मिटवू नका.

राहिलेलं थोडक्यात. वास अचानक गेला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. सर्दी, कोविड, नाकातली गाठ, मार, प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. माझ्यावरून तुमचं ठरवू नका. मार लागून गेलेला वास अनेकांचा परत येतच नाही, मलाही पूर्ण आलेला नाही. जर्मनीतल्या डॉक्टरांनी सुरू केलेला एक सराव मी केला: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ लक्ष देऊन हुंगायचे, निदान बारा आठवडे. त्यानेच फरक पडला असं छातीठोक सांगणार नाही. आणि वास नसेल तर गॅसची गळती कळत नाही. सिलेंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम घातलेला असतो, आणि माझ्यासारख्याला तोही नाही. आम्ही गळती ओळखणारं यंत्र ओट्याजवळ बसवलंय.

घरात कुणी अचानक जेवण बेचव लागतंय म्हणायला लागलं तर भांडायच्या आधी एक करा. नाक घट्ट दाबून चिमूटभर जिरं चावायला द्या. नुसता भुसा लागतो. मग नाक सोडायला सांगा, जिरं एकदम जिरं होतं. जीभ फक्त खारट, आंबट, गोड, कडू आणि एक मांसल अशी चव सांगते. बाकी सगळं घशाच्या मागून नाकात चढलेला वास असतो. ज्याला नाक सोडल्यावरही भुसाच लागतो त्याची जीभ तिरसट झालेली नसते. बायकोने हे स्वतः करून बघितलं आणि त्या दिवसापासून आमटीवरून आमच्यात शब्द नाही.

दादांना चार वर्षं सांगतोय. ते म्हणतात जिऱ्याने पित्त होतं.