फ्लॅटलाइन म्हणतात ते काय, आणि किती दिवस थांबायचं

"वय 27, ठाण्यात राहतो. पॉर्न बंद करून 38 दिवस झाले. पहिले दहा दिवस जीव जाईल इतकी ओढ होती, आता काहीच वाटत नाही. मुलींकडे लक्षही जात नाही. सगळे म्हणतात ही फ्लॅटलाइन आहे, 90 दिवसांत जाते. फेब्रुवारीत लग्न आहे. हे परत येतं का, की माझं कायमचं बिघडलं?"

मित्रा, सकाळी जाग येते तेव्हा ताठरता असते का, हे आधी आठवून बघ. आठवड्यातून दोन-तीनदा असली तरी पुरे. निरोगी पुरुषाला झोपेत, स्वप्नं पडतात त्या टप्प्यांत, रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते आणि सकाळची ही त्यातली शेवटची. तिचा मनातल्या इच्छेशी जवळपास संबंध नसतो. म्हणून ती असेल तर नसा, रक्तपुरवठा आणि हार्मोन्स साधारण ठीक आहेत असं धरून चालायला हरकत नाही. मग प्रश्न फक्त इच्छेचा उरतो, आणि तो बराच हलका आहे.

'फ्लॅटलाइन' हा डॉक्टरी शब्द नाही. पॉर्न सोडणाऱ्यांनी इंटरनेटवर आपापले अनुभव लिहिताना तो रूढ केला. 90 दिवसांचा आकडाही तिथूनच पसरला, कोणत्याही वैद्यकीय चाचणीतून तो निघालेला नाही. अनुभव मात्र खोटे नाहीत, मलाही आला. फक्त लिहितात कोण, हे ध्यानात घे. ज्यांना काहीच झालं नाही ते रोजनिशी लिहीत बसत नाहीत. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 176 विद्यार्थी होते. त्यातल्या एका गटाला सात दिवस पॉर्न बंद ठेवायला सांगितलं होतं. बंद न ठेवणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना सोडल्याचा वेगळा त्रास झाल्याचं दिसलं नाही. सात दिवस म्हणजे फार थोडे, पण 'सगळ्यांना हे होतंच' असं म्हणता येत नाही एवढं त्यातून नक्की कळतं.

मग तुझी इच्छा गेली कुठे? माझं मत सांगतो. रात्री साडेअकराला दिवा मालवला, मोबाइल हातात आला, की मला 'इच्छा' व्हायची. वर्षानुवर्षं मी तिलाच कामेच्छा समजत होतो. खरं तर ती वेळेची, अंधाराची आणि मोबाइलची सवय होती. ते इशारे काढून घेतले की ती हाक थांबते आणि आत अगदी सामसूम वाटतं. त्यात पुष्कळ माणसांमध्ये इच्छा आपणहून उगवतच नाही, स्पर्शाने, जवळिकीने, निवांतपणाने जागी होते. एकट्या मुलाला ती जागी व्हायला जागाच नसते. मग ती मेली, असा समज होतो.

दुसरं कारण म्हणजे तपासणी, आणि ते आपण स्वतः तयार करतो. मी रोज सकाळी बघायचो, लोकलमध्ये समोर कोणी आलं की आत काही हललं का ते बघायचो, आणि पाचव्या आठवड्यात 'फक्त चेक करायला' एक क्लिप लावली. काही झालं नाही. त्या रात्री पहाटे तीनपर्यंत जागा होतो. परीक्षेला बसल्यासारखं स्वतःकडे बघत राहिलं तर उत्तेजना येत नाही, कारण तिला लक्ष दुसरीकडे असावं लागतं.

तेव्हा मी 31 वर्षांचा होतो, डोंबिवलीहून लोअर परळला नोकरीला जायचो. पहाटे साडेपाचला उठायचं आणि रात्री एकपर्यंत जागायचं, म्हणजे झोप साडेचार तास. दुसऱ्या आठवड्यापासून सगळं शांत झालं आणि मी ते पॉर्नच्या खात्यात टाकलं. सातव्या आठवड्यात गणपतीला गावी गेलो. तिथे दहाला जेवणं उरकली की सगळे आडवे, मोबाइलला रेंज नाही. चौथ्या सकाळी ताठरता परत आली, पाचव्यालाही. मुंबईत आलो आणि आठवड्यात पुन्हा गेली. तेव्हा कळलं की अर्धी फ्लॅटलाइन झोपेची होती. तरुण पुरुषांवरच्या एका लहान अभ्यासात आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिल्यावर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी उतरलं होतं. नंतर मी मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून साडेदहाला झोपू लागलो. तिसऱ्या महिन्यात सकाळ नियमित झाली.

म्हणून वेळापत्रक सांगायचं तर तीन गोष्टी वेगवेगळ्या धर, कारण त्या एकत्र परत येत नाहीत. सकाळची ताठरता सहसा आधी परत येते, झोप नीट असेल तर काही आठवड्यांत. त्यानंतर खऱ्या माणसांकडे लक्ष जाणं, हसणं-बोलणं आवडणं. मला याला तीन-चार महिने लागले, तेही सरळ रेषेत नाही, मध्ये आठ-दहा दिवस परत रिकामे जायचे. जोडीदारासोबत निर्धास्तपणे ताठरता टिकणं सर्वांत शेवटी आलं, आणि ते दिवस मोजून आलं नाही, जोडीदारासोबत सवय झाल्यावर आलं. माझ्या लग्नानंतरचे पहिले दोन महिने आम्ही संभोगाचा आग्रह धरला नाही, नुसता स्पर्श आणि गप्पा. सेक्स थेरपीत हेच ठरवून करायला सांगतात. फेब्रुवारीची काळजी वाटते ती मला समजते, पण लग्नाच्या रात्रीची तारीख पकडून शरीर तयार करायला गेलास तर तीच परीक्षा पुन्हा सुरू होईल. होणाऱ्या बायकोला सगळा इतिहास सांगायलाच हवा असं नाही. 'मला सावकाश जायचंय' एवढं सांगता आलं तरी खूप.

आता थांबायचं कधी नाही ते सांगतो. आठ तासांची झोप महिनाभर मिळूनही सकाळची ताठरता अजिबात नसेल, दाढीचे केस कमी होत असतील, छातीत गाठ किंवा स्राव जाणवत असेल, किंवा सोडण्याच्या आधीपासूनच इच्छा कमी होती असं आठवत असेल, तर 90 दिवस मोजत बसू नकोस. डॉक्टरांना भेटून टेस्टोस्टेरॉन तपास. रक्त सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी द्यायचं. एका रिपोर्टवर निदान होत नाही, कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा करतात. 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली दोनदा आलं तर पुढे प्रोलॅक्टिन वगैरे हार्मोन्स बघतात. थायरॉइड आणि साखरही त्याच वेळी करून घे. नैराश्याच्या काही गोळ्या, विशेषतः एसएसआरआय, आणि टक्कल थांबवण्याची फिनास्टेराइड यांनीही इच्छा उतरते. घेत असशील तर डॉक्टरांना सांग, मनाने बंद करू नकोस.

आणि फक्त तीच इच्छा गेलीय की जेवण, क्रिकेट, मित्र सगळंच बेचव झालंय? सगळंच असेल तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्यावर पॉर्न सोडल्याचे दिवस मोजून काही होत नाही. पालिकेच्या केईएम किंवा नायरमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर बोलता येतं, पैसे लागत नाहीत. लोकलच्या डब्यात 'गुप्तरोग, मर्दानी कमजोरी' अशी पत्रकं चिकटवलेली असतात, तिथे मात्र फोन करू नकोस. अशा पुड्यांमध्ये न सांगता सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध मिसळलेलं सापडलं आहे, आणि तुझी अडचण ताठरतेची नसून इच्छेची असेल तर ते औषध तिला हातही लावत नाही.

आज रात्री मोबाइल खोलीबाहेर ठेवून झोप आणि तीन आठवडे सकाळ सोडून काही तपासू नकोस. मग काय दिसलं ते लिही, तसं पुढचं सांगतो.